तीन नंबरचा आवाज: बीजीएमआयमध्ये केलेली एक तक्रार

बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या गोळीबाराच्या मोबाइल गेममध्ये अनोळखी टीममेटसोबत खेळताना एखाद्या मुलीनं माइक सुरू केला की पुढे काय होऊ शकतं, हे तिथे नियमित खेळणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. बहुतेक वेळा काहीच होत नाही, लोक आपापलं खेळत राहतात. पण कधीतरी घाणेरडं बोलून त्रास देणारा एखादा येतोच. त्या वेळी गेममध्ये नेमकं कुठे बोट लावायचं, काय आधी करायचं आणि काय नंतर, हे मला एका मॅचमध्ये सगळं करून बघावं लागलं. ते इथे क्रमानं लिहिते आहे. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुलींनी या त्रासापायी माइक कायमचा बंद केला, काहींनी गेमच सोडला. मला ते मान्य नाही.

हा गेम मुळात कोरियन. सोलची क्राफ्टन कंपनी तो चालवते. पबजी मोबाइलवर आपल्याकडे सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आल्यावर खास भारतासाठी म्हणून जुलै 2021 मध्ये तो आला. मधे जवळपास दहा महिने स्टोअरवरून गायब होता, आणि मे 2023 मध्ये परतला. फक्त भारतासाठी असल्यामुळे रँडम स्क्वॉडमध्ये, म्हणजे गेमनंच जुळवलेल्या अनोळखी टीममध्ये, भेटणारी मंडळीही बहुतेक आपल्याकडचीच असतात. कुणी इंदूरचा, कुणी हैदराबादचा, कुणी आपल्या शेजारच्या तालुक्यातला. याचा फायदा असा की बोलणं समजतं. तोटाही तोच. शिवी दिली तर तीही पूर्ण समजते.

मी सांगलीत राहते आणि रात्री जेवणानंतर खेळते. आतेभाऊ ऑनलाइन असेल तर त्याच्याबरोबर, नसेल तर रँडम. त्या रात्री तो नव्हता. एरँगलचा मॅप, क्लासिक मोड, चार जणांचा स्क्वॉड. स्क्वॉडमध्ये प्रत्येकाला एक नंबर असतो, मी दोन नंबरला होते. विमानातून उडी मारायच्या आधी मी एवढंच म्हटलं, "पोचिंकी नको, गर्दी असेल. रोझोकला उतरू." त्यावर तीन नंबरवाल्याचा आवाज आला, "अरे, लड़की है क्या?"

मी उत्तर दिलं नाही. एवढ्यावरून कुणाला वाईट ठरवायचं कारण नसतं. मुलगी खेळते आहे याचं अजून काही जणांना खरंच आश्चर्य वाटतं आणि पुढच्या मिनिटाला ते विसरूनही जातात. पण हा विसरणारा नव्हता. उतरून लूट करेपर्यंत त्यानं माझं गाव, वय, इन्स्टाग्राम आयडी विचारून झालं होतं. मी शांतपणे सांगितलं, "खेळावर लक्ष द्या, प्लीज." तिथून त्याची भाषा बदलली. त्यानं काय काय म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही. माझ्या शरीराबद्दल होतं, माझ्या आईबद्दल होतं आणि ते थांबत नव्हतं.

पहिली गोष्ट मी पाहिली ती म्हणजे बोलतंय कोण. हे वाटतं तितकं सोपं नाही. चौघांचे आवाज एकाच हेडफोनमधून येतात आणि गोळीबार सुरू असला तर कोणता आवाज कुणाचा हे कळत नाही. पण कुणी बोलायला लागलं की स्क्रीनवर त्याच्या नावापाशी स्पीकरचं छोटं चिन्ह येतं. शिवी ऐकू आली त्या क्षणी ते चिन्ह कुणापाशी उमटतंय हे मी दोन-तीनदा लक्षपूर्वक पाहिलं. तीनच नंबर होता. हे पाहून घेणं मला फार गरजेचं वाटतं, कारण नंतर तक्रार करताना चुकीच्या माणसाचं नाव गेलं तर त्या बिचाऱ्याला विनाकारण भोगावं लागेल. आमच्या स्क्वॉडमधला चार नंबरवाला तर उलट त्याला गप्प बसवायचा प्रयत्न करत होता.

मग आवाज बंद करायचा. इथे नवीन खेळाडूंचा गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाच्या, म्हणजे मिनिमॅपच्या, बाजूला दोन चिन्हं असतात, एक स्पीकर आणि एक माइक. माइक म्हणजे आपला आवाज बाहेर जाणं. स्पीकर म्हणजे दुसऱ्यांचा आवाज आत येणं. दोन्हींवर बोट ठेवलं की ऑल, टीम आणि ऑफ असे पर्याय उघडतात. घाबरलेल्या माणसाचं बोट आधी माइककडे जातं, कारण आपण बोललो म्हणून हे सुरू झालं असं आतून वाटत असतं. पण माइक बंद केल्यानं समोरच्याचं तोंड बंद होत नाही. त्याचं सगळं ऐकू येतच राहतं, फक्त आपण मुके होतो. त्रास थांबवायचा असेल तर हात स्पीकरवर गेला पाहिजे.

स्पीकरमध्येही ऑल आणि टीम यांत फरक आहे. ऑलवर ठेवलं तर आसपासच्या विरोधी खेळाडूंचे आवाजही ऐकू येतात. टीमवर ठेवलं की ते बंद होतात आणि फक्त आपले तिघे राहतात. विमानात बसण्याआधी सगळे जमतात त्या सुरुवातीच्या बेटावर जो आरडाओरडा असतो, त्यासाठी टीम पुरेसं आहे. पण त्रास देणारा आपल्याच स्क्वॉडमधला असेल तर टीमवर ठेवून काही उपयोग नाही. तिथे एकतर ऑफ करायचं, नाहीतर व्हॉइसच्याच पर्यायांत जाऊन त्या एका टीममेटचा आवाज वेगळा बंद करायचा. अपडेटनुसार या बटणांची जागा थोडी इकडेतिकडे होते. म्हणून मॅच सुरू नसताना ट्रेनिंग ग्राउंडवर एखाद्या मित्राबरोबर जाऊन ते एकदा शोधून ठेवावं. गोळ्या सुटत असताना शोधायला गेलं तर मरणं ठरलेलं.

मी त्या क्षणी सरळ ऑफ केलं. एका खेळाडूचा आवाज वेगळा बंद करायला लागणारी काही सेकंदंसुद्धा मला त्याचं ऐकायचं नव्हतं. समोरच्या घरात कुणीतरी शिरलं होतं, पायऱ्यांवर पावलं वाजत होती.

आणि ती पावलं मला ऐकू येत राहिली. हे मुद्दाम सांगते, कारण अनेक जण स्पीकर ऑफ करायला याच भीतीनं तयार नसतात. ते चिन्ह फक्त माणसांच्या बोलण्याचं आहे. पावलं, गोळीबार, गाडीचं इंजिन, दार उघडल्याचा आवाज हे गेमचे आवाज वेगळे चालतात. सेटिंगमधल्या ऑडिओच्या पानावरही त्यांची पट्टी वेगळी असते. व्हॉइस बंद केल्यानं गेम मुका होत नाही. माझ्या बाबतीत तर उलटच झालं. मी ब्लूटूथ हेडफोन वापरते. माइक सुरू असला की असे हेडफोन कॉलच्या पद्धतीवर जातात आणि सगळाच आवाज फोनवर बोलल्यासारखा चपटा येतो. त्या रात्री मी पुढे माइकही बंद केला, तेव्हा आवाज पुन्हा नेहमीसारखा स्वच्छ झाला आणि पावलं डावीकडून येतात की उजवीकडून हे जास्त नीट कळायला लागलं.

जे खरोखर गमावलं ते टीमशी बोलणं. आम्ही चौघं एकाच घराच्या आसपास होतो आणि आता मला चार नंबरचंही ऐकू येत नव्हतं. पण न बोलता खेळायची सोय गेममध्ये चांगली आहे. मॅपवर किंवा समोर दिसणाऱ्या जागेवर मार्कर टाकता येतो आणि तो आपल्या टीममधल्या सगळ्यांना दिसतो. क्विक चॅटमधले तयार संदेशही आहेत. शत्रू समोर आहे, मला गोळ्या हव्यात, इकडे या, अशी नेहमीची वाक्यं एका बोटात जातात. चार नंबरवाल्याला मी काय केलं ते लगेच समजलं असावं. त्यानं चॅटमध्ये टाइप केलं, "ताई, तुम्ही खेळा. मी मार्क करत जातो." इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी होती. त्यानंतर तो प्रत्येक शत्रूवर मार्कर टाकत गेला. मला फार आधार वाटला. मधे पडून भांडण वाढवायची गरज नसते. अशा वेळी एक मार्कर आणि एक साधं वाक्य पुरेसं असतं, आणि त्या मुलाला ते न शिकवता कळलं होतं.

मॅच सोडायचा विचार आला नव्हता असं नाही. सोडली तर खालचा क्रमांक मिळून माझेच रँकचे पॉइंट गेले असते. पण त्याहून मोठं कारण वेगळं होतं. मला निकालाच्या पानापर्यंत पोहोचायचं होतं, कारण तिथे चौघांची नावं एकत्र समोर असतात आणि तक्रारीचं बटणही.

पुरावा म्हणून काहीतरी हातात असावं असं मला मॅच चालू असतानाच वाटलं होतं. फोनमधलं स्क्रीन रेकॉर्डिंग मी सुरू केलं आणि थोडा वेळ स्पीकर पुन्हा टीमवर नेऊन त्याचं बोलणं येऊ दिलं. मॅच संपल्यावर पाहिलं तर चित्र होतं, गोळीबाराचे आवाज होते, पण कुणाचं बोलणं नव्हतं. याचं कारण नंतर कळलं. अँड्रॉइड 10 पासून फोनमधला आवाज दुसऱ्या ॲपला रेकॉर्ड करता येतो, पण तो गेमचा किंवा संगीताचा आवाज असेल तरच. संभाषणासाठी म्हणून वाजणारा आवाज खाजगीपणासाठी त्यातून वगळलेला असतो. व्हॉइस चॅट त्यात मोडलं की रेकॉर्डिंगमध्ये माणसं गप्प होतात. फोनफोनाप्रमाणे यात फरक पडेल, पण रेकॉर्ड झालं असेल असं गृहीत धरून चालू नये. आधी एकदा आपल्याच माणसाबरोबर तपासावं. खात्रीचा उपाय म्हणजे हेडफोन काढून आवाज फोनच्या स्पीकरवर घेणं आणि शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या फोनवर, स्क्रीन दिसेल अशा बेतानं, व्हिडिओ काढणं. बोलणाऱ्याच्या नावापाशी उमटणारं ते चिन्ह आणि आवाज दोन्ही एकत्र टिपले गेले, तरच तो आवाज कुणाचा हे सिद्ध होतं.

त्या रात्री दुसरा फोन आईचा होता आणि आई झोपली होती. तेव्हा माझ्याकडे चित्र राहिलं, आवाज नाही. तरीही मी तक्रार केली. गेममधल्या तक्रारीसाठी व्हिडिओ जोडावाच लागतो असं नाही.

निकालाच्या पानावर प्रत्येक टीममेटपाशी लाइक द्यायची आणि तक्रार करायची सोय असते. चार नंबरला लाइक दिला, तीन नंबरच्या तक्रारीचं बटण दाबलं. कारणांची यादी येते. हॅक वापरणं, विरोधकांशी संगनमत, शिवीगाळ, आक्षेपार्ह नाव, अशा प्रकारची. राग आलेला असतो तेव्हा सगळ्यांवर खूण करावीशी वाटते. मी फक्त शिवीगाळ निवडलं. तो हॅकर नव्हता, खेळत तर अगदी सुमार होता. जे घडलं नाही ते लिहिलं की जे घडलं त्याचंही वजन कमी होतं, असं माझं ठाम मत आहे. लिहायच्या जागेत मी अशी दोन वाक्यं टाकली: "रोझोकला उतरल्यापासून व्हॉइस चॅटमध्ये सतत लैंगिक शिवीगाळ. थांबायला सांगूनही सुरूच." माध्यम कोणतं, प्रकार कोणता, कधीपासून, आणि थांबायला सांगितलं होतं का. तक्रार वाचणाऱ्याला उपयोगी पडेल असं एवढंच असतं. मला किती वाईट वाटलं हे खरं होतं, पण ते मी मैत्रिणीला फोनवर सांगितलं.

पान बंद करायच्या आधी अजून एक काम केलं. त्याची प्रोफाइल उघडून त्याचा आयडी उतरवून घेतला आणि स्क्रीनशॉट काढला. आयडी म्हणजे नाव नव्हे. नावात लोक चिन्हं, मुकुट, उलटसुलट अक्षरं घालतात, ती पुन्हा टाइप करून शोधता येत नाहीत. शिवाय रीनेम कार्ड वापरून नाव कधीही बदलता येतं. प्रोफाइलवरचा आकड्यांचा आयडी मात्र खात्याला चिकटलेला राहतो. पुढे गेमच्या कस्टमर सर्व्हिसला लिहायचं असो की पोलिसांकडे जायचं असो, हा आकडा आणि मॅचची तारीख-वेळ एवढं तरी हवंच.

एखादीच्या हातून निकालाचं पान निसटलं तरी वाट बंद होत नाही. लॉबीत, म्हणजे मॅच सुरू होण्याआधीच्या मुख्य पानावर, मित्रांची यादी उघडणारं जे चिन्ह आहे, ज्याला आमच्या ग्रुपमध्ये सगळे सोशल मेनू म्हणतात, तिथे अलीकडे सोबत खेळलेल्यांची यादी असते. नावावर बोट ठेवलं की प्रोफाइल उघडते, आणि तक्रार किंवा ब्लॉक तिथूनही होतं. पण पुढच्या मॅच खेळत गेलं की नवी नावं वर येतात आणि जुनी खाली जातात. तेव्हा हे त्याच रात्री केलेलं बरं.

ब्लॉकही मी तिथूनच केलं, आणि तेही त्याच वेळी केलं हे बरं झालं. मी लॉबीत परतेपर्यंत त्याची फ्रेंड रिक्वेस्ट येऊन पडली होती. रात्रभर घाण बोलायचं आणि वर रिक्वेस्ट पाठवायची, याचा मला शिव्यांपेक्षा जास्त राग आला. रिक्वेस्ट स्वीकारली असती तर खाजगी मेसेज, मी ऑनलाइन केव्हा असते, कुणाबरोबर खेळते, हे सगळं त्याच्यासाठी उघडं झालं असतं. म्यूट त्या मॅचपुरतं असतं. नंतर पाठलाग होऊ नये म्हणून ब्लॉक लागतं. आणि तक्रार यांपैकी कशाचंच काम करत नाही. तिचा परिणाम झालाच तर नंतर होतो, आणि बहुधा दुसऱ्या कुणा मुलीच्या उपयोगी पडतो. म्हणून तिन्ही करावी लागतात.

काही दिवसांनी गेममधल्या मेलमध्ये संदेश आला की तुम्ही केलेल्या तक्रारीची पडताळणी होऊन संबंधित खेळाडूवर कारवाई झाली आहे. शिक्षा काय झाली ते त्यात नव्हतं. आवाज काही काळ बंद केला असेल, मेरिट कमी केलं असेल किंवा खातं काही दिवस थांबवलं असेल. मेरिट म्हणजे खेळाडूच्या वागणुकीचे गुण. ते शंभरपर्यंत असतात आणि फार खाली गेले की खेळण्यावर बंधनं येतात. माझ्या मैत्रिणीला तिनं केलेल्या तक्रारीवर असा संदेश कधी आला नाही. एका तक्रारीवर कारवाई होईलच असं धरून चालता येत नाही. पण एकाच आयडीबद्दल वेगवेगळ्या लोकांनी योग्य कारण निवडून लिहिलं, तर तो आयडी निदान नजरेत राहतो. त्यासाठी त्या रात्री चार नंबरवाल्यालाही मी विनंती केली होती की तुम्हीही तक्रार करा. "केली, ताई, आधीच," असं त्याचं उत्तर आलं.

माझं प्रकरण गेममध्येच मिटलं. पण बोलण्यात धमकी असेल, गेमबाहेर इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर कुणी शोधत येत असेल, फोटो पसरवायची भाषा करत असेल, तर ते गेमच्या तक्रारीच्या बटणाचं काम उरत नाही. त्यासाठी cybercrime.gov.in वर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे, आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. भारतीय न्याय संहितेचं कलम 79 स्त्रीच्या विनयाचा अपमान करणाऱ्या शब्दांबद्दल आहे, 78 पाठलागाबद्दल, आणि त्यात इंटरनेटवरचा पाठलागही येतो. तिथे जाताना तो आकड्यांचा आयडी, स्क्रीनशॉट आणि आवाज असलेला व्हिडिओ सोबत असला तर बोलणं सोपं जातं.

आतेभावाला मी हे सगळं सांगितलं. तो अकरावीत आहे, म्हणजे गेमच्या हिशेबानं अल्पवयीन, आणि तो माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा रँडम खेळतो. त्याला वाटत होतं की मुलांना हे सोसावंच लागतं, त्यात काय सांगायचं. मी त्याला विचारलं, "तुला रोज कुणी आईवरून बोलतं का?" तो म्हणाला, "हो, पण सगळे बोलतात." मग आम्ही दोघं ट्रेनिंग ग्राउंडवर गेलो. त्याचा स्पीकर ऑलवरून टीमवर आणला. एका टीममेटचा आवाज बंद करायचं बटण त्यानं मला न विचारता शोधेपर्यंत सराव केला, आणि सरावासाठी त्यानं अर्थात मलाच म्यूट केलं. त्याच्या अलीकडच्या खेळाडूंच्या यादीत दोन जण असे होते ज्यांची नावं त्याला बोलण्यावरून लक्षात होती. त्या दोघांच्या तक्रारी त्यानं माझ्यासमोर बसून केल्या, शब्द त्याचे स्वतःचे.

मी आता रँडम खेळताना स्पीकर टीमवर आणि माइक बंद ठेवून सुरुवात करते. उतरेपर्यंत तिघं कसे बोलतात ते ऐकते आणि ठीक वाटलं तर माइक सुरू करते. बहुतेक वेळा तो सुरू होतो. चार नंबरवाला आता मित्रांच्या यादीत आहे, कराडचा निघाला. शनिवारी तो, त्याची बहीण, आतेभाऊ आणि मी असा आमचा स्क्वॉड जमतो. त्याची बहीण स्नायपर फार छान चालवते आणि सगळा वेळ मोठ्यानं बोलत असते.